नाईट ड्यूटीनंतर झोप येत नाही? झोपेची आणि ध्यानाची ॲप्स कशी वापरायची

रात्री आठ ते सकाळी आठ. पुढच्या पाळीच्या सिस्टरना ओव्हर देऊन हॉस्पिटलबाहेर पडेपर्यंत साडेआठ होतात. पाय दुखत असतात, डोळे चुरचुरत असतात, आणि तरीही घरी जाऊन आडवं पडलं की डोळे टक्क उघडे. नवीन लागलेल्या सिस्टर पहिल्या आठवड्यातच विचारतात, एवढं दमूनही झोप का येत नाही? त्यांच्यापैकी निम्म्या जणींनी तोवर फोनवर एखादं ॲप उतरवून घेतलेलं असतं, दोन दिवस वापरलेलं असतं आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडूनही दिलेलं असतं.

उपयोग असतो, पण ही ॲप्स रात्री दहाला झोपणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहेत. सकाळी साडेनऊला झोपणाऱ्यानं त्यांची मांडणी उलटी करून घ्यावी लागते. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरण हॉस्पिटलमधलं घेतलं आहे, पण चाकणच्या कारखान्यात तिसरी पाळी करणाऱ्यालाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

आधी ॲप काय करू शकतं आणि काय नाही ते समजून घेऊ, नाहीतर नको तिथे अपेक्षा ठेवली जाते. सकाळी झोप न येण्यामागे दोन वेगळी कारणं असतात. पहिलं शरीराच्या घड्याळाचं. आपलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं, म्हणून त्या वेळी वॉर्डात डुलक्या येतात. तिथून ते चढायला लागतं, सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदूला 'दिवस सुरू' असा निरोप जातो, आणि आपण नेमके तेव्हाच झोपायला निघालेले असतो. यावर उपाय अंधार आणि वेळ. ध्यानाचं कुठलंही ॲप सूर्य मावळवू शकत नाही. दुसरं कारण डोक्यातलं. सात नंबरच्या पेशंटचं बीपी, उरलेली नोंद, मॉनिटरचा कानात घुमणारा आवाज. शरीर घरी आलं तरी ड्यूटी संपलेली नसते. ॲपचं काम इथे आहे. ते झोप आणत नाही, ड्यूटी संपवायला मदत करतं. हा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातील.

पहिली पायरी: एकच ॲप निवडा, आणि तेही फुकटचं

'इनसाइट टायमर' आणि 'मेडिटो' या दोघांपैकी एक घ्या. इनसाइट टायमरमध्ये ऐकण्यासारखं प्रचंड साहित्य फुकट आहे, वेळेप्रमाणे शोधता येतं, हिंदीतही बरंच सापडतं. अडचण एकच, निवडीला अंत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी नऊ वाजता हजार पर्याय दाखवणं म्हणजे त्याला आणखी अर्धा तास जागं ठेवणं. मेडिटो एका ना-नफा संस्थेचं आहे, जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, आणि साहित्य बेताचं आहे. पण ते मुख्यतः इंग्रजीत आहे.

'Calm' आणि 'हेडस्पेस' ही मोठी नावं. त्यांतल्या झोपेच्या गोष्टी चांगल्या बनवलेल्या असतात. बहुतेक साहित्याला मात्र वर्गणी लागते, आणि सुरुवातीचे काही दिवस फुकट देऊन मुदत संपताच वर्षाचे पैसे आपोआप कापण्याची त्यांची पद्धत आहे. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून 'Payments & subscriptions' मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च करू नका. तुम्हाला मुळात आवाज ऐकून सैल होता येतं की नाही, हेच अजून माहीत नसतं.

भाषेचा मुद्दा लोक हलका समजतात. अर्धवट झोपेत ज्या भाषेचा अर्थ लावावा लागतो, ती भाषा मेंदूला कामाला लावते. मराठी किंवा सवयीची हिंदी असेल तर तीच घ्या. योगनिद्रेची मराठी ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर भरपूर आहेत, पण त्यात एक खोड आहे: नेमकं खांदे सैल होत असताना मध्येच टाइल्सची जाहिरात किंचाळते. यूट्यूबच वापरायचं असेल तर जाहिरात न येणारी सोय घ्या, नाहीतर तो मार्ग सोडा. आणि एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू होणारं 'Autoplay' बंद करा.

दुसरी पायरी: एक ध्वनिमुद्रण ठरवा, जागेपणी तपासून

ही निवड ड्यूटीच्या सकाळी करायची नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी चहा पीत पीत तीन-चार ध्वनिमुद्रणं शेवटपर्यंत ऐका. शेवटपर्यंत यासाठी, की पुष्कळ ध्यानांच्या अखेरीला मोठी घंटा वाजते किंवा "आता हळूहळू डोळे उघडा, ताजेतवाने व्हा" असं सांगतात. झोपेसाठी ते नको. जे विरत विरत शांततेत संपतं, ते घ्या. लांबी वीस ते तीस मिनिटं. पाच मिनिटांच्या ध्यानात रात्रभराचा ताण उतरत नाही, आणि तासाभराचं असेल तर लागलेल्या झोपेतही आवाज येत राहतो.

प्रकार कोणता? नवशिक्यांसाठी मी योगनिद्रा किंवा शरीरावरून एकेक अवयव करत लक्ष फिरवण्याचा प्रकार सुचवते. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळहात, मनगट, असं क्रमानं. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी ही पद्धत आजच्या रूपात बसवली. ती आपल्याला सोयीची पडते याचं कारण साधं आहे. रात्रभर आपलं लक्ष दुसऱ्यांच्या शरीरावर असतं. ते स्वतःच्या बोटांवर आणलं, आणि आवाज पुढे पुढे सरकत राहिला, की सात नंबरच्या पेशंटकडे वळायला जागा उरत नाही. मूळ पद्धतीत "झोपू नका, जागे राहा" अशी सूचना असते. ती ऐकून गोंधळू नका. आपल्याला झोप लागली तर तो दोष नाही, तेच हवं आहे.

इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतलं छोटं आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं साधारण दहा मिनिटांचं ध्यान, अनेक भारतीय भाषांत फुकट मिळतं. ते उत्तम आहे, पण त्याचा रोख सजग राहण्याकडे आहे. त्यामुळे ते अंथरुणात न घेता ड्यूटीला निघण्याआधी बसून करा.

आणि काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट छातीत धडधड वाढते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांमध्ये मी हे जास्त पाहिलं आहे. रात्रभर दुसऱ्यांचे श्वास मोजल्यावर स्वतःचाही मोजावासा वाटत नसणार. तसं होत असेल तर श्वासाची ध्यानं बाजूला ठेवा आणि बोटांवरून फिरणारा प्रकार किंवा साधी संथ गोष्ट घ्या.

तिसरी पायरी: फोन उलटा लावून घ्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे, एकदाच करायचं.

निवडलेलं ध्वनिमुद्रण फुकटात डाउनलोड होत असेल तर ते करून ठेवा. वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण साधारण वीस एमबीचं होतं, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. नेटवर्क गेलं म्हणून आवाज मध्येच थांबला की माणूस हमखास फोन हातात घेतो, आणि एकदा फोन हातात आला की वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतोच.

ॲपमधल्या 'झोपायची वेळ झाली' अशा आठवणी सहसा रात्रीच्या असतात. त्या बंद करा. रात्री साडेदहाला, तुम्ही औषधांचा राऊंड घेत असताना, "आता विसावा घ्या" अशी सूचना चमकणं हा विनोदच आहे. सलग किती दिवस ध्यान केलं हे मोजणारी साखळीही बंद करता आली तर करा. पाळी बदलली की ती तुटते आणि उगाच अपराधी वाटतं.

अँड्रॉइडवर आवाज मध्येच बंद पडण्याचं नेहमीचं कारण बॅटरी वाचवणारी सेटिंग असते. 'Settings' मधून 'Apps', मग ते ॲप, मग 'Battery', आणि तिथे 'Unrestricted' निवडा. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: 'Do Not Disturb'. दिवसा झोपणाऱ्याला कुरिअरवाला, बँक, कर्ज देणारे, सगळे फोन करतात. फोन पूर्ण बंद ठेवायची मात्र भीती वाटते, मुलाच्या शाळेतून फोन आला तर? म्हणून घरचे दोन-तीन आणि शाळेचा नंबर 'Starred contacts' मध्ये घाला आणि फक्त त्यांना परवानगी द्या. सोबत 'Repeat callers' चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच व्यक्तीनं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. घरच्यांना एवढंच सांगून ठेवायचं, "खरंच निकड असेल तर लागोपाठ दोनदा लावा." गजराला परवानगी आहे ना, हेही त्याच पानावर बघा, नाहीतर ड्यूटी चुकायची.

हे सगळं रोज ठरावीक वेळी आपोआप चालू होईल असं लावू नका. रोस्टर बदलतं. वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या बटणांमध्ये ते आणून ठेवा आणि झोपताना हातानं चालू करा.

चौथी पायरी: घरी पोहोचेपर्यंत ॲप नाही

ओव्हर देऊन झाल्यावर, एप्रन काढण्याआधी, एका चिठ्ठीवर डोक्यात राहिलेलं लिहा. "सातचा रिपोर्ट सकाळच्या सिस्टरना सांगितला. स्टॉकची वही उद्या." दोन-तीन ओळी पुरतात. पेशंटचं नाव लिहू नका. चिठ्ठी लॉकरमध्ये ठेवून यायची. अंथरुणात जे ऐनवेळी आठवतं ते बहुधा हेच असतं, आणि ते कागदावर आहे हे माहीत असलं की कुठलंही ध्यान अधिक लवकर लागू पडतं.

दुचाकी चालवत असाल तर कानात काहीही घालायचं नाही. सैल करणारा आवाज आणि हँडल यांची गाठ पडता कामा नये. डोळे मिटायला लागलेच असतील तर चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी काढा, तोंड धुवा, थोडं थांबा, मग निघा. बस किंवा लोकलनं जाणाऱ्यांनी गडद गॉगल लावावा, म्हणजे उन्हाचा निरोप डोळ्यांपर्यंत कमी पोहोचतो. गाडी स्वतः चालवणाऱ्यानं मात्र डुलकी येत असताना तो लावू नये. बसमध्ये योगनिद्रा ऐकण्याचा मोह टाळा. ती तिथे इतकी छान लागते की स्टॉप निघून जातो आणि तेवढी गाढ डुलकी घरची झोप खाते.

पाचवी पायरी: एक सकाळ, घड्याळ लावून

समजा घर तासाभराच्या आत आहे, मुलगा दीडला शाळेतून येतो आणि संध्याकाळी सातला परत निघायचं आहे. हा दिवस असा बसवता येतो.

चहा पहाटे दोननंतर बंद. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचला घेतलेला कडक चहा दहा वाजता अंथरुणात तुमच्यासोबतच असतो. पावणेनऊला घरी. कोमट पाण्यानं अंघोळ, थोडं खाणं: पोहे, उपमा, भाकरी-दूध, जे पचेल ते. उपाशी झोपलात तर अकराला भुकेनं जाग येते. घरातल्यांशी दहा मिनिटं बोला, पण मोठे विषय काढू नका. विजेचं बिल संध्याकाळी.

साडेनऊला खोलीत. खिडकीवर जाड पडदा, तो नसेल तर काळं कापड, किंवा डोळ्यांवर पट्टी. पंखा चालू ठेवा. त्याचा एकसारखा आवाज दारावरची बेल आणि कुकरच्या शिट्ट्या बऱ्याच झाकतो. पंखा पुरत नसेल तर ॲपमधला पावसाचा किंवा एकसुरी घरघरीचा आवाज हळू लावा. मधूनमधून विजा कडाडणारा पाऊस निवडू नका.

पाठीवर पडा, 'Do Not Disturb' चालू करा, ठरलेलं ध्वनिमुद्रण लावा आणि फोन पालथा करून हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा. स्पीकरवर, शब्द जेमतेम कळतील इतक्या आवाजात. कानात इअरफोन घालून कुशीवर झोपलं की कान दुखून जाग येते. सुरुवातीची दोन मिनिटं स्वतःच श्वास सोडण्याचा वेळ वाढवा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वासानं धडधड होणाऱ्यांनी हे वगळावं.

ध्वनिमुद्रण संपलं आणि तुम्ही जागेच आहात, असं पहिल्या काही दिवसांत नक्की होणार. अशा वेळी दुसरं शोधायचं नाही. तेच पुन्हा एकदा लावा. तरीही झोप नाही आणि चिडचिड सुरू झाली, तर उठून अंधुक उजेडात बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. अंथरुणात तळमळत पडण्याची सवय लागली की ती मोडायला फार वेळ लागतो.

दीडला मुलगा आल्यावर उठलात तर चार तासांच्या आसपास झोप झाली. ती अपुरी आहे. म्हणून साडेचार ते सहा असा दुसरा तुकडा ठेवायचा, त्यालाही तेच ध्वनिमुद्रण, पंधरा मिनिटं उशिरा लागली तरी चालेल. उठल्यावर लगेच निघू नका, डोकं जड असतं. दिवसाची झोप रात्रीपेक्षा सहसा तोकडीच होते, त्यामुळे दोन तुकड्यांत ती भरून काढण्यात कमीपणा नाही.

नाईट ऑफच्या दिवशी वेगळं गणित. सकाळी फक्त तीन-चार तास झोपा, गजर लावून उठा, बाहेर उन्हात जा, आणि रात्री घरच्यांबरोबर झोपा. तेव्हाही तेच ध्वनिमुद्रण वापरा. काही आठवड्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच अंग सैल व्हायला लागतं, आणि त्यासाठीच ते सारखं बदलायचं नसतं.

झोप मोजण्याच्या भानगडीत लगेच पडू नका

मनगटावरचा पट्टा किंवा फोन हालचालींवरून, आवाजावरून किंवा नाडीवरून झोपेचा अंदाज बांधतो. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी बघून झोप मोजतात, हे तसं नाही. त्यातून दिवसाची तुकड्यांतली झोप काही उपकरणं 'डुलकी' म्हणून वेगळी टाकतात, आणि संध्याकाळी पडद्यावर तुमची झोप शून्याच्या जवळ दिसते. असले आकडे बघून काळजीनं झोप आणखी बिघडणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावच दिलं.

त्याऐवजी कॅलेंडरवर दोन आठवडे तीन गोष्टी लिहा: किती वाजता पडलो, अंदाजे कितीला लागली, कितीला उठलो. अंदाजच हवा, घड्याळ बघायचं नाही. पडल्यापासून लागेपर्यंतचा वेळ हळूहळू कमी होत असेल तर ॲप काम करतंय. एकूण तास तेवढेच राहिले तरी हिरमुसू नका, ते अंधार आणि घरातल्या व्यवस्थेवर जास्त अवलंबून असतं. वेळ अजिबात कमी होत नसेल तर आवाज बदलून पाहा, प्रकार बदलून पाहा, पण एका वेळी एकच गोष्ट. इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं 'इन्सोम्निया कोच' हे फुकट ॲप अशा नोंदींसाठी चांगलं आहे. त्यातले सल्ले रात्रीच्या झोपेसाठी लिहिलेले आहेत, त्यामुळे अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

ॲपच्या आवाक्याबाहेरचं

घरचे म्हणतात तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, सहा-सात तास झोपूनही दिवसभर पेंग येते, गाडी चालवताना डोळा लागला, किंवा पाळ्यांमुळे झोपेचा त्रास तीन महिन्यांहून जास्त चालू आहे: यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. पूर्वी कधी अतिउत्साहाचा आजार झालेला असेल तर जागरण स्वतःच त्याला उठवू शकतं, तेव्हा नाईट ड्यूटीबद्दलच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. आणि वॉर्डात हाताशी असतात म्हणून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. सवय लागते, आणि हे आपल्याला पेशंटपेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

एखाद्या रात्री वॉर्डात मृत्यू झाला, नातेवाइकांनी आरडाओरडा केला, तर त्या सकाळी योगनिद्रेचा आग्रह धरू नका. शांत पडून डोळे मिटले की तेच दृश्य परत परत येतं. त्या दिवशी आधी बरोबरच्या सिस्टरशी बोला, मग झोपेचं पाहा. बोलायला कुणी नसेल किंवा मन खाली खालीच जात असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, क्रमांक 14416. ती चोवीस तास फुकट चालते आणि मराठीत बोलता येतं, म्हणजे सकाळी साडेनऊला लावा किंवा पहाटे तीनच्या ब्रेकमध्ये.